मक्याचा चीक, गव्हाचा चीक

माझी भाची मेलबर्नला राहते. तिच्या सात वर्षांच्या मुलाला दीड वर्षापूर्वी सिलिअ‍ॅक आजाराचं निदान झालं आणि त्या दिवसापासून घरातला गहू बंद झाला. पोळीच्या जागी ज्वारीची भाकरी आणि तांदळाची घावनं आली, बिस्किटं घरीच होऊ लागली. पोराचं वजन वाढायला लागलं, चेहऱ्यावर तरतरी आली. मग मागच्या थंडीत पुन्हा तक्रारी सुरू झाल्या. पोट फुगायचं, शौचाला पातळ व्हायचं, शाळेतून आला की अंथरुणावर पडून राहायचा. भाचीने जेवणातला एकेक पदार्थ आठवून पाहिला. नवीन काहीच नव्हतं. फक्त थंडीचे दिवस म्हणून सूप आणि कस्टर्ड जास्त वेळा होत होतं, आणि दोन्हींत ती कॉर्नफ्लोअर घालत होती.

"मावशी, कॉर्नफ्लोअर म्हणजे मकाच ना गं? मक्यात ग्लूटेन कुठून येणार?" तिने फोनवर विचारलं. मी तिला पाकीट उलटं करून घटकांची ओळ वाचायला सांगितली. ती वाचताना गप्प झाली. पाकिटावर समोर मोठ्या अक्षरांत कॉर्नफ्लोअर होतं आणि मागे घटक म्हणून एकच शब्द होता, व्हीट स्टार्च. गव्हाचा स्टार्च.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये हे सर्रास चालतं आणि ते बेकायदा नाही. तिकडे गव्हापासून काढलेली पांढरी पूडही 'व्हीटन कॉर्नफ्लोअर' म्हणून विकली जाते, आणि शेजारच्याच फळीवर मक्याची पूडही कॉर्नफ्लोअर म्हणूनच असते. स्पंज केक हलका होतो म्हणून काही घरांत मुद्दाम गव्हाचीच आणतात. पण ज्याच्या आतड्याला गहू चालत नाही, त्याच्यासाठी या दोन पाकिटांत आकाशपाताळाचं अंतर आहे.

इतका घोळ व्हायला कारण आहे तो 'कॉर्न' हा शब्द. जुन्या इंग्रजीत कॉर्न म्हणजे नुसतं धान्य. इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ बहुधा गहू व्हायचा, स्कॉटलंडमध्ये ओट. अमेरिकेत गेलेल्या वसाहतकऱ्यांना तिथे मका दिसला, त्याला ते आधी 'इंडियन कॉर्न' म्हणाले आणि पुढे 'इंडियन' गळून नुसतं कॉर्न राहिलं. आपल्याकडे 'दाणे' म्हटलं की एका घरात शेंगदाणे आणि दुसऱ्या घरात मटारचे दाणे डोळ्यांपुढे येतात, तसंच हे. शब्द एक, पदार्थ प्रदेशाप्रमाणे बदलणारा.

आता कॉर्नफ्लोअर आणि कॉर्नस्टार्च यांच्याकडे वळू. भारतात आणि ब्रिटनमध्ये कॉर्नफ्लोअर म्हणून जी पांढरीशुभ्र, बोटांत चिमटली की करकरणारी पूड मिळते, ती आणि अमेरिकेतला कॉर्नस्टार्च ही एकच वस्तू. मात्र अमेरिकेत कॉर्न फ्लोअर म्हटलं की मक्याचा सबंध दाणा बारीक दळून केलेलं पिवळसर पीठ हातात येतं. आपण त्याला सरळ मक्याचं पीठ म्हणतो, पंजाबात मक्की का आटा म्हणतात. म्हणजे आपल्या मराठीत खरं तर गोंधळ नाहीच. मक्याचं पीठ वेगळं आणि कॉर्नफ्लोअर वेगळं, हे वाण्याच्या दुकानातल्या पोऱ्यालाही कळतं. गडबड होते ती अमेरिकेतली कृती वाचून इथे स्वयंपाक करताना. कृतीत कॉर्न फ्लोअर लिहिलेलं असतं, आपण पांढरी पूड घेतो, आणि मक्याचा खमंग पाव व्हायच्या जागी फरशीसारखं काहीतरी ओव्हनमधून निघतं.

एकाच वस्तूला दोन नावं कशी पडली, ते पाहण्यासारखं आहे. 1842 मध्ये टॉमस किंग्जफर्ड या माणसाने अमेरिकेत जर्सी सिटीतल्या एका स्टार्चच्या कारखान्यात मक्यापासून शुद्ध स्टार्च काढून दाखवला. तो खाण्यासाठी नव्हताच, कपड्यांना खळ देण्यासाठी होता. त्यामुळे तिकडे 'स्टार्च' हेच नाव चिकटलं. स्कॉटलंडमधल्या पेझली गावातही विणकरांच्या कापडासाठी खळ बनायची. तिथल्या जॉन पोल्सनने 1854 मध्ये मक्याच्या स्टार्चचं पेटंट घेतलं आणि खाण्याची वस्तू म्हणून ती 'कॉर्न फ्लोअर' या नावाने बाजारात आणली. खळीचं नाव ताटात कुणाला रुचलं नसतं. इंग्रजांच्या अमलात त्यांचे डबे इकडे आले आणि डब्यांबरोबर नावही आलं. वस्तू पीठ नसूनही नावात पीठ आहे, ते असं.

पीठ नाही म्हणजे काय, हे ज्या घरात कुरडया होतात त्या घरात समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला की वाटायचे, फडक्यातून पिळून चोथा काढायचा आणि पांढरं पाणी रात्रभर स्थिर ठेवायचं. सकाळी वरचं निवळलेलं पाणी हलकेच ओतून दिलं की पातेल्याच्या बुडाशी घट्ट बसलेला पांढरा थर दिसतो. तो गव्हाचा चीक. गव्हाचं पीठ आणि गव्हाचा चीक यांत जो फरक, तोच मक्याचं पीठ आणि कॉर्नफ्लोअर यांत. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा चीक, वाळवून पूड केलेला.

कारखान्यातली रीतही आजीच्या रीतीची मोठी आवृत्ती आहे. धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला असा कारखाना कित्येक वर्षांपासून आहे, आणि खानदेश-मराठवाड्यात पिकणाऱ्या मक्याचा एक वाटा अशा कारखान्यांकडे जातो. मका मोठ्या टाक्यांत साधारण 50 अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात दीड दिवस किंवा त्याहून थोडा जास्त वेळ भिजतो. पाण्यात थोडा सल्फर डायऑक्साइड असतो. त्याने नको ते जंतू वाढत नाहीत आणि दाण्यातल्या प्रथिनांनी स्टार्चला घातलेली मिठी सुटते. भिजलेला दाणा आधी भरडतात. त्याचा कोंब तेलकट आणि हलका असल्याने पाण्यात वेगळा काढता येतो, आणि त्यातूनच मक्याचं तेल निघतं. उरलेला भरडा बारीक वाटून चाळण्यांवर धुतला की कोंडा मागे राहतो. आता पाण्यात दोनच गोष्टी उरतात, स्टार्च आणि प्रथिन. आजी इथे रात्रभर वाट पाहायची. कारखान्यात ते पाणी वेगाने गरगर फिरवतात, म्हणजे जड स्टार्च एकीकडे आणि हलकं पिवळं प्रथिन दुसरीकडे जातं. स्टार्च पुन्हा पुन्हा धुऊन वाळवतात. मक्याच्या दाण्यात आठ-दहा टक्के प्रथिन असतं, तयार कॉर्नफ्लोअरमध्ये ते अर्ध्या टक्क्याहूनही कमी राहतं.

यावरून दोन्हींचे स्वयंपाकातले स्वभावही उलगडतात. मक्याच्या पिठात कोंब आणि कोंडा आहे, म्हणून त्याला रंग, चव आणि गोडसर वास आहे. त्यात तेल आहे, म्हणून ते दोन-तीन महिन्यांत खवट होतं. कॉर्नफ्लोअरला वास नाही, चव नाही, आणि कोरड्या डब्यात ते वर्षभर टिकतं. गार पाण्यात कालवून उकळत्या सुपात सोडलं की साठ-सत्तर अंशांच्या पुढे त्याचे कण पाणी पिऊन फुगतात आणि सूप घट्ट, चकचकीत, आरपार दिसणारं होतं. तेच मक्याचं पीठ सुपात घाला, ते गढूळ आणि रवाळ होतं, शिवाय दाटपणा यायला जास्त पीठ लागतं. उलट, गरम पाण्यात मळून मक्याच्या पिठाची भाकरी थापता येते, पण कॉर्नफ्लोअरची भाकरी साऱ्या जन्मात होणार नाही.

आता खरा प्रश्न, ग्लूटेनचा. ग्लूटेन म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन. कणीक मळून वाहत्या पाण्याखाली धुतली की पांढरं पाणी निघून जातं आणि हातात च्युइंग गमसारखा ताणता येणारा गोळा उरतो, तेच ते. बार्ली म्हणजे जव, आणि राय या धान्यांत त्याची सख्खी भावंडं असतात. काही माणसांच्या शरीरात या प्रथिनाचे तुकडे नीट पचत नाहीत आणि शरीराची संरक्षणयंत्रणा त्यांना शत्रू समजून लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. अस्तरावरचे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात, मग अन्न पोटात जाऊनही अंगी लागत नाही. हा सिलिअ‍ॅक आजार.

त्याचं मूळ गव्हात आहे हे विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने दाखवून दिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, 1944-45 मध्ये, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला होता आणि त्याच काळात ही आजारी मुलं सुधारत असल्याचं त्याच्या लक्षात आलं. त्याचा प्रबंध 1950 मध्ये आला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुलांना गव्हाऐवजी काय काय देऊन पाहिलं त्या पदार्थांत तांदूळ होता, बटाटा होता, आणि मक्याचं पीठ आणि मक्याचा स्टार्चही होता. हे खाऊन मुलांची भूक परत आली आणि वजन वाढलं. मका या आजारात चालतो, ही गोष्ट अशी पाऊणशे वर्षांपूर्वीच पारखून घेतलेली आहे. मक्यातल्या मुख्य प्रथिनाचं नाव झाइन. त्याची घडण वेगळी आहे, म्हणून शरीर त्याच्यावर तसं तुटून पडत नाही. तेव्हा मक्याचं पीठ असो की मक्याचं कॉर्नफ्लोअर, दोन्ही मुळातच ग्लूटेनमुक्त आहेत.

इथे एका शब्दाने कितीतरी आयांना घाबरवलेलं मी पाहिलं आहे. वर सांगितलेलं ते पिवळं प्रथिन कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात जातं आणि व्यापारात त्याला 'कॉर्न ग्लूटेन' म्हणतात. मक्यातही ग्लूटेन असतं हे ऐकून एका ओळखीच्या बाईंनी मुलीचं कणीस खाणं बंद केलं होतं. स्टार्च काढणाऱ्यांच्या धंद्यात, स्टार्च वेगळा केल्यावर उरणाऱ्या कुठल्याही धान्याच्या प्रथिनाला ग्लूटेन म्हणायची जुनी सवय आहे. ते नाव तेवढ्यापुरतंच. गव्हाच्या ग्लूटेनशी त्याचं काही नातं नाही. त्या मुलीने कणीस खुशाल खावं.

तर मग भीती कशाची? भीती आहे ती शेजाराची. मका निर्मळ असला तरी तो कुठे दळला, कशात भरला, कुणाच्या चमच्याने काढला, यावर सगळं अवलंबून आहे.

आपल्या बायकांना हे शिकवायला नको. दळणाचा डबा गिरणीत ठेवताना "गव्हावरच टाका हं, बाजरीवर नको" असं आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो, कारण आधीच्या दळणाचं पीठ गिरणीच्या पाळ्यांत आणि कापडी नळीत राहतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं. पोळी काळपट होऊ नये म्हणून घेतलेली ही काळजी, सिलिअ‍ॅकच्या घरात उलटी धरून पाहू. समजा, दोन किलो मका गव्हावर दळला आणि गिरणीत अडकलेलं 20 ग्रॅम गव्हाचं पीठ, म्हणजे दोन-तीन चमचे, त्यात उतरलं. गव्हाच्या पिठात ढोबळमानाने दहावा हिस्सा ग्लूटेन असतं, म्हणजे दोन ग्रॅम ग्लूटेन दोन किलोत मिसळलं. किलोमागे 1000 मिलिग्रॅम झालं. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, ग्लूटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थासाठी घातलेली मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे. डब्यातलं पीठ पिवळंधमक दिसतं, वास मक्याचाच येतो, आणि मर्यादा पन्नासपट ओलांडलेली असते.

इतक्या थोड्याने खरंच बिघडतं का, असं घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, आणि त्यांचं विचारणं चूक नाही. इटलीतल्या कार्लो कातास्सी आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सिलिअ‍ॅकच्या रुग्णांना तीन महिने रोज फक्त 50 मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं होतं. एवढ्यानेही आतड्याच्या अस्तराला इजा झाल्याचं दिसलं. 50 मिलिग्रॅम ग्लूटेन म्हणजे अर्धा ग्रॅम मैदा, चमच्याच्या टोकावर मावेल इतका. प्रत्येक वेळी पोट दुखेलच असंही नाही. काही रुग्णांना बाहेरून काहीच जाणवत नाही आणि आत झीज चालू राहते. म्हणून खाऊन बघू, काही झालं तर बंद करू, ही कसोटी इथे लागू पडत नाही.

घरच्या घरी भेसळ ओळखायचे उपाय लोक सांगतात, त्यांची मर्यादाही समजून घ्यायला हवी. आयोडीनचा थेंब टाकला की पूड निळी-काळी होते. तो स्टार्चचा गुण आहे. मका, गहू, बटाटा, तांदूळ सगळेच निळे होतात. पाणी घालून कालवून पाहिलं तर मैदा चिकट गोळा होतो, आणि कॉर्नफ्लोअर मुठीत दाबलं की घट्ट आणि सोडलं की ओघळणारं, असं चमत्कारिक वागतं. निम्मा मैदा मिसळलेला असेल तर हे कळेल. पण गव्हाचा चीक आणि मक्याचा चीक यांत हाताला फरक लागणार नाही, आणि किलोत एक ग्रॅम मैदा असेल तर डोळ्याला, जिभेला कशालाच पत्ता लागणार नाही. तो एक ग्रॅमसुद्धा मर्यादेच्या पाचपट ग्लूटेन आणतो. ते मोजायला प्रयोगशाळेतली एलिसा नावाची चाचणी लागते. आपल्या हातात उरतं ते पाकीट वाचणं.

वाचायचं कसं, ते सांगते. आधी घटक पाहा. मका किंवा मेझ स्टार्च असा स्पष्ट शब्द हवा. नुसतं 'खाद्य स्टार्च' लिहिलं असेल तर तो कशाचा हे कळेपर्यंत डबा दुकानातच राहू द्या. मग अ‍ॅलर्जीची सूचना पाहा. भारतात गहू किंवा ग्लूटेन असलेलं धान्य पदार्थात असेल तर ते पाकिटावर सांगणं बंधनकारक आहे, आणि त्याच कारखान्यात गहू हाताळला जात असेल तर 'गव्हाचा अंश असू शकतो' अशा अर्थाची ओळ बऱ्याचदा तिथेच सापडते. ज्याला सिलिअ‍ॅक आहे त्याने ती ओळ असलेलं पाकीट घेऊ नये. पाकिटावर ग्लूटेनमुक्त असं लिहिलेलं असेल तर उत्पादकाने 20 मिलिग्रॅमची ती मर्यादा पाळायची जबाबदारी घेतलेली असते, आणि माझ्या मते आजारी माणसासाठी तेच पाकीट घ्यावं, चार पैसे जास्त पडले तरी. ज्यांच्या घरी कुणाला हा आजार नाही त्यांना यातल्या कशाचीच गरज नाही. त्यांनी नेहमीचं कॉर्नफ्लोअर आणावं.

सुटं कॉर्नफ्लोअर मात्र आजारी माणसासाठी कधीच आणू नका. पोत्यातून काढायचा चमचा तोच, तराजूचं पारडं तेच, आणि शेजारच्या पोत्यात मैदा असतो.

हॉटेलात यापुढची फसगत होते. मंचुरियन कॉर्नफ्लोअरचं असतं म्हणून चालेल, असं समजून मुलांना दिलं जातं. गोळे बांधताना कॉर्नफ्लोअरबरोबर बहुतेक ठिकाणी मैदा घालतात, कारण नुसत्या कॉर्नफ्लोअरने गोळा तळणीत फुटतो. रश्शात सोया सॉस असतो, आणि सोया सॉस साधारणपणे सोयाबीन आणि गहू एकत्र आंबवून केलेला असतो. तळणीचं तेल समोशांचं असतं. घरीसुद्धा एक जागा सगळ्यांच्या नजरेतून सुटते, ती हिंगाची डबी. बाजारातला हिंग शुद्ध नसतो, तो पिठात मिसळून बांधलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. ज्या घरात कॉर्नफ्लोअरचं पाकीट चारदा वाचलं जातं, त्या घरातल्या फोडणीतून रोज चिमूटभर गहू जाऊ शकतो. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो शोधून आणा.

आता पुन्हा भाचीकडे. गव्हाचा चीक इतका धुतलेला असतो, मग त्यात ग्लूटेन राहतं का, असं तिने नंतर विचारलं. राहतं. कुरडईच्या चिकात राहतं तसंच. युरोपात खास जास्तीचा धुऊन 20 मिलिग्रॅमच्या खाली आणलेला गव्हाचा स्टार्च काही ग्लूटेनमुक्त पदार्थांत वापरतात, पण तो वेगळा आणि तपासलेला माल असतो. केकसाठी विकला जाणारा साधा व्हीटन कॉर्नफ्लोअर त्यात बसत नाही. तिने ते पाकीट टाकलं, चमचा आणि डबा बदलला, आणि मक्याचा, वर ग्लूटेनमुक्त लिहिलेला कॉर्नफ्लोअर आणला. दोन महिन्यांत पोरगा पूर्ववत झाला, आणि पुढच्या रक्ततपासणीचे आकडेही उतरले.

हे वाचून आपल्या घरातल्या एखाद्या किरकोळ, सतत पोट बिघडणाऱ्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे आला असेल, तर एक विनंती आहे. तपासणीआधी त्याचा गहू बंद करू नका. सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच खरं उत्तर देते. आधी डॉक्टरांकडे जा, रक्त द्या, निदान होऊ द्या, आणि मगच पोळीचा डबा बाजूला ठेवा.